प्रवासभत्त्याचं बिल परत आलं तेव्हा

महिन्याच्या शेवटी लॉगबुक भरायला बसलो आणि चारही प्रवास आठवून आठवून लिहून काढले. गाडी माझी स्वतःची, कामासाठी वापरायची परवानगी घेतलेली, किलोमीटरमागे ठरलेला दर. बिल जोडलं, सही केली, दिलं. तिसऱ्या दिवशी ते परत आलं.

लेखा विभागातल्या मॅडमनी फक्त एक ओळ दाखवली. पहिल्या प्रवासाचं शेवटचं रीडिंग आणि दुसऱ्याचं सुरुवातीचं रीडिंग हुबेहूब एकच. दुसऱ्या-तिसऱ्याचंही तसंच. "सर, गाडी घरची ना? मग मधल्या रविवारी ती जागची हललीच नाही?" वर प्रत्येक अंतराच्या शेवटी शून्य. आठवून लिहिलेलं लॉगबुक असं लगेच ओळखू येतं.

खरं रीडिंग शोधायला एकच पुरावा हाती लागला. तिसऱ्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी गाडी सर्व्हिसिंगहून आणली होती आणि गॅरेजच्या बिलावर ४१,२१२ छापलं होतं. माझ्या वहीत दुसऱ्या दिवशी सकाळचं रीडिंग होतं ४१,३५०! गॅरेजपासून घर हाकेच्या अंतरावर.

मग तो प्रवास नीट मांडला. घरून थेट साइटवर गेलो, ते ५७ किलोमीटर. येताना बहिणीकडे वळलो, त्याचे १४ जास्त. एकूण १२८, आणि मी मागितले होते १३०. मंजूर झाले ९२. बहिणीकडचा वळसा खासगी, तो गेलाच. त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण आमच्या नियमात आणखी एक गोम आहे: घरून थेट निघालात तर घर ते साइट आणि ऑफिस ते साइट यांतलं जे अंतर कमी, तेच धरायचं. ऑफिसहून साइट ४६ वर आहे. रोज घरून ऑफिसला येण्याचा खर्च आपलाच असतो, तो या वाटेने कंपनीवर पडू नये म्हणून हे. चिडचिड झाली खरी, पण तर्क पटला.

पेट्रोलची पावतीही जोडली होती, ती मॅडमनी टाचणी काढून परत दिली. किलोमीटर दरातच इंधन, टायरची झीज, सर्व्हिसिंग, विमा सगळं धरलेलं असतं. टोल आणि पार्किंग तेवढं वेगळं मिळतं, पावती असेल तर.

चुकीच्या नोंदींवर मी पांढरी शाई लावणार होतो, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. खालचा आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा आणि छोटी सही.

उरलेल्या तीन प्रवासांसाठी असा पुरावा नव्हता. ते नकाशावरच्या अंतराने, साहेबांची वेगळी मंजुरी घेऊन पास झाले, तेही 'या वेळेपुरतं' अशा शेऱ्यासह. आता इंजिन सुरू करायच्या आधी मी मीटरचा फोटो काढतो आणि बंद केल्यावर दुसरा. परवा बहिणीकडे वळलो तेव्हा तिच्या दारातही एक काढला.