आईने पाठवलेल्या गोळ्या

गेले चार महिने माझ्या कमरेला आणि मांड्यांना भयंकर खाज सुटली होती. आईने नाशिकहून येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर डीईसीच्या गोळ्या पाठवल्या. ती चंद्रपूरला नोकरीला असताना हत्तीपायाच्या मोहिमेत याच गोळ्या घरोघर वाटायची, त्यामुळे तिचा विश्वास पक्का. मी त्या घेणारच होतो. तेवढ्यात घानातल्या आमच्या साइटजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाकीट पाहिलं आणि सरळ हातातून काढून घेतलं.

मला राग आला. हत्तीपाय म्हणजे काय ते आम्हाला यांनी शिकवायचं?

पण माझा आजार वेगळा निघाला: ऑन्कोसर्कायसिस, म्हणजे कातडीत आणि डोळ्यांत किडे होणारं नदीकाठचं अंधत्व. तो पसरवते काळ्या व्होल्टा नदीच्या काठी काम करताना दिवसाढवळ्या चावणारी बारीक, कुबडी काळी माशी. हिच्या अळ्या खळाळत्या पाण्यातल्या दगडांना चिकटून वाढतात. आपल्याकडे पानवेलींनी तुंबलेल्या गोदावरीत डास होतात म्हणून ओरडतो. इथे घाण नाही, नुसता सोमेश्वरसारखा धबधबा, आणि रोग तिथूनच! (गोदावरीच्या बाजूने एवढं तरी बोलू द्या.)

तपासणी मात्र झकास. कमरेच्या हाडावर सुईच्या टोकाने कातडी तंबूसारखी वर उचलली आणि ब्लेडने वरची चकती कापली. दोन्ही बाजूंनी एकेक. रक्त येऊ द्यायचं नाही, कारण रक्तात दुसरेच जंतू असू शकतात. तुकडे सलाइनच्या थेंबात ठेवले. अर्ध्या तासाने बाईंनी मला सूक्ष्मदर्शकात पाहायला लावलं: कातडीच्या कडेतून किड्यांची धाग्यासारखी पिल्लं वळवळत बाहेर येत होती, एकात तीन, दुसऱ्यात एक. नवी लागण मात्र या तपासणीत सुटते. किडे अंगात शिरल्यावर पिल्लं दिसायला वर्षभराहून जास्त लागतं.

मग कळलं, डीईसी का नको. त्या गोळीने कातडीतली पिल्लं झटपट, एकदम मरतात. मेल्यावर त्यांच्यातले वोल्बाकिया नावाचे जिवाणू बाहेर पडतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. खाज, सूज, ताप, रक्तदाब खाली. डोळ्यातली पिल्लं मेली तर नजरच धोक्यात. त्याऐवजी दिलेली आयव्हरमेक्टिनची गोळी त्यांना लुळं पाडते, त्यामुळे भडका कमी उडतो. माझं वजन 76 किलो, किलोमागे 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे 3 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या.

तरी भडका उडालाच. दुसऱ्या दिवशी पुरळ, जांघेत गाठ, अंग गरम. तीन दिवसांत उतरलं. मोठे किडे जिवंतच राहतात, म्हणून हा डोस पुन्हा घ्यायचा आहे.

आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प, मग म्हणाली, "म्हणजे आम्ही चंद्रपूरला चुकीचं वाटलं?"

"नाही गं आई, तिथले किडे कातडीत, डोळ्यांत नसतात."

"मग तसं त्या बाईंना सांगितलंस ना?"