‘नाही’च्या आधीची रेघ

स्नेहसंमेलनाच्या आधीचे पंधरा दिवस वर्गाच्या मागच्या बाकावर आमचा संसार मांडलेला असायचा. नाटकातली मुलं रंगमंचावर, नाचातली मैदानावर आणि अभिवाचनाच्या स्पर्धेत उतरणारे आम्ही पाच-सहा जण त्या बाकाभोवती. मध्ये कागद, शिसपेन्सिली आणि वाटून घेतलेला एकच खोडरबर. खोडरबर सगळ्यात आधी संपायचा.

बाई आमच्यासाठी उतारे स्वतः लिहायच्या आणि पाठ करायला देण्याआधी आमच्याकडून ते पुन्हा उतरवून घ्यायच्या. उतरवायची त्यांची रीत ठरलेली होती. एका श्वासात जेवढं म्हणायचं तेवढंच एका ओळीत. दोन ओळींच्या मध्ये एक ओळ कोरी, कारण खुणा तिथे यायच्या. उजवीकडे चार बोटांचा समास, तो भावासाठी. आणि पान उलटताना वाक्य अर्धवट राहता कामा नये. खाली जागा उरली तरी चालेल, नवं वाक्य नव्या पानावर.

खुणा मोजक्याच. एक तिरकी रेघ म्हणजे छोटा विराम, दोन रेघा म्हणजे मोठा. जोर द्यायच्या शब्दाखाली एक ओढ. सूर वर ठेवायचा असेल तिथे वर जाणारा बाण, खाली आणायचा असेल तिथे उतरता. सगळं पेन्सिलीने, कारण पहिल्या दिवशीच्या निम्म्या खुणा चौथ्या दिवशी पुसाव्या लागतात हे त्यांना ठाऊक होतं.

आमची पहिली चूक दर वर्षी तीच असायची. जिथे स्वल्पविराम तिथे रेघ. बाई म्हणायच्या, “अगं, स्वल्पविराम डोळ्यांसाठी असतो. ऐकणाऱ्याला तो दिसतो का?” मग त्या ‘पण’ शोधायला लावायच्या. ‘पाऊस थांबला होता पण वाटेवर कोणीच नव्हतं.’ बोलताना दोन वाक्यं जोडणारा ‘पण’ पुढच्या शब्दांना चिकटून येतो. आम्ही मात्र ‘पण’वर ठेचकाळायचो आणि मग थांबायचो. रेघ ‘पण’च्या आधी ओढली की वाक्य आपोआप सरळ व्हायचं. ‘कोणीच’मधल्या ‘च’वर आम्ही जोर द्यायचो, तोही त्या काढून टाकायच्या. ‘च’ लागला की जोर आधीच आलेला असतो; आवाज द्यायचा तर ‘कोणी’ला.

मी सातवीत होते त्या वर्षीचा उतारा एका आजीचा होता. शेवटची वाक्यं आजही तोंडपाठ आहेत:

आजी दारात उभी होती. पाऊस थांबला होता पण वाटेवर कोणीच नव्हतं. तिने हाक मारली नाही. ती नुसती वाट बघत राहिली.

तालमीत मी ते वाचलं आणि बाईंनी मागच्या भिंतीशी बसलेल्या मुलीला विचारलं, “आजीने काय केलं?” ती म्हणाली, “हाक मारली.” मला रडूच आलं. मी ‘नाही’ म्हटलं होतं, अगदी नक्की म्हटलं होतं. पण वाक्य संपत आलं तसा श्वासही संपत आला होता, सूर खाली गेला होता आणि ‘नाही’ माझ्या ओठांच्या पुढे सरकलंच नव्हतं. एका शब्दापायी अख्खी गोष्ट उलटी झाली होती.

मराठी वाचणाऱ्याला ही अडचण कायमची आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही मागे. जिथे अर्थ ठरतो, नेमकी तिथेच फुप्फुसं रिकामी झालेली असतात. बाईंनी सगळ्यांना आपापल्या कागदावरचे वाक्याअखेरीचे ‘नाही’, ‘नव्हता’, ‘नको’ शोधून त्यांभोवती गोल करायला लावले.

मग माझ्या त्या चार शब्दांवर जवळजवळ एक दुपार गेली. आधी मी ‘नाही’खाली ओढ दिली. वाचलं तर ते खेकसल्यासारखं झालं, जणू आजी कोणावर तरी रागावली होती. ओढ पुसली. मग ‘नाही’च्या आधी रेघ घातली: तिने हाक मारली / नाही. आता ‘नाही’ ऐकू आलं, पण नवाच घोटाळा झाला. ‘मारली’वर माझा सूर खाली उतरला होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांना वाक्य संपलं असं वाटलं आणि ‘नाही’ मागून चिकटवल्यासारखं आलं.

बाईंनी पेन्सिल घेतली आणि ‘मारली’च्या डोक्यावर वर जाणारा बाण काढला. विराम तेवढाच, रेघ तीच, फक्त सूर खाली सोडायचा नाही. मी वाचलं. “तिने हाक मारली...” आणि बाकाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत थांबले. पुढे काहीतरी आहे हे त्यांना कळलं होतं. मग साध्या आवाजात, जोर न देता, “नाही.” विराम किती लांब यापेक्षा त्याच्या आधीचा सूर कुठे आहे यावर ऐकणारा थांबतो की सुटतो, हे मला त्या क्षणी कळलं. त्याच्या आदल्या वाक्यानंतर त्यांनी दोन रेघा घातल्या आणि बारीक अक्षरात लिहिलं, ‘श्वास’. ‘नाही’साठी लागणारी हवा तिथेच भरून घ्यायची होती.

समासात मी लिहिलं होतं, ‘करुण’. त्या एका शब्दाने माझा आवाज पहिल्या ओळीपासून कापरा व्हायचा. भावाचं नाव लिहिलं की मूल त्या भावाचं सोंग आणतं. बाईंनी तो शब्द खोडला आणि लिहिलं, ‘वाटेच्या शेवटाकडे बघ.’ मी सभागृहाच्या मागच्या दाराकडे बघून वाचलं आणि आवाज आपोआप संथ झाला.

वेळ 3 मिनिटांची असायची. बाई उतारा 300 शब्दांच्या आत ठेवायच्या आणि तालमीत 2 मिनिटं 40 सेकंदांत संपला तरच पास करायच्या. मोठ्या सभागृहात आवाज घुमतो, विराम थोडे लांबवावे लागतात, शिवाय माइकपर्यंत चालत जाऊन नमस्कार करायचा असतो. ते 20 सेकंद त्यासाठी राखलेले. कोणाचा वेळ पुढे गेला तर त्या वाक्यं कापायच्या, रेघा कधीच नाही.

शेवटचे दोन दिवस खुणा पुसायचे. जिथे शरीराला सवय झाली तिथली रेघ काढायची. नाही तर मुलं मनात ‘एक, दोन’ मोजतात आणि ते चेहऱ्यावर दिसतं. बघणाऱ्याला विराम दिसत नाही, मोजणी दिसते.

पुढे मीही शिक्षिका झाले आणि दर वर्षी संमेलनाआधी त्याच खुणांनी मुलांचे कागद भरत आले. गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलीने स्पर्धा झाल्यावर तिचा कागद मला आणून दिला. जवळजवळ सगळा कोरा झाला होता, ठिकठिकाणी पुसल्याचे करडे डाग. शेवटून दुसऱ्या ओळीत तेवढा एक बाण आणि एक रेघ शिल्लक होती.

“ही का नाही पुसलीस गं?” मी विचारलं.

“बाई, तिथे मला अजून भीती वाटते,” ती म्हणाली.

तिने त्या जागी विराम घेतला होता तेव्हा मी पडद्याआड उभी होते आणि माझाही श्वास वरच थांबला होता.