रिंग कोणत्या कुकरची, ते मी का लिहीत नाही

"काका, कुकरच्या रिंगवर कंपनीचं नावच लिहायचं नाही, तर गिऱ्हाइकाला रिंग सापडणार कशी? आणि इतकं घाबरायचं काय त्यात? तुळशीबागेत सगळे नाव घेऊनच विकतात की!"

विकतात. मीही विकतो. दुकानात उभं राहून दिवसातून तीसेक वेळा त्या कंपनीचं नाव मी तोंडाने घेतो, कारण समोरची बाई "अमुकची पाच लिटरची रिंग द्या" असंच म्हणते आणि मी तिला "कोणाची?" असं विचारत बसलो तर ती पुढच्या दुकानात जाईल. ऑनलाइनच्या पानावर मात्र मी ते नाव लिहीत नाही. हा दुटप्पीपणा आहे असं तुमच्यापैकी अनेकांना वाटतं. वाटू दे. पण एकदा नीट सांगतो, म्हणजे गणपतीत, लग्नात, रिक्षात पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही.

त्या कंपनीचं खरं नाव इथेही घेत नाही. अबक समजा. साइटवर टाकलेल्या रिंगची माझी पहिली यादी, म्हणजे मालाच्या पानाचं शीर्षक, अशी होती:

```
ABAK Original Cooker Gasket 5 Ltr
```

यातले पहिले दोन शब्द माझे नव्हतेच. अबक त्यांचं. आणि 'ओरिजिनल' हा शब्द मी कशासाठी लिहिला होता? पुतण्याला मी सांगत असे की 'ओरिजिनल' म्हणजे चांगल्या रबराची, भंगारातली नव्हे. ते मी स्वतःलाही सांगत होतो. खरं असं की तो शब्द घातल्यावर खप वाढला होता, आणि का वाढला ते मला पक्कं ठाऊक होतं. लोकांना ती कंपनीची रिंग वाटत होती. माझी रिंग बोहरी आळीतून घेतलेली, बिननावाची. रिंग चांगली होती, आजही आहे. पण ती अबकची नव्हती.

अबकने साइटकडे ट्रेडमार्कची तक्रार केली आणि पहिली नोटीस आली, तेव्हा यादी उडाली, एवढंच. मी नाव बदलून 'ABAK type' केलं. आपल्याकडे 'टाइप' म्हटलं की सगळं माफ असतं ना! दहा-बारा दिवसांत तीही गेली. मग पुतण्याच्या डोक्यातून अक्कल निघाली, आणि ती मला पटली हे लिहायला लाज वाटते. त्याने एक अक्षर वाढवून ABAAK केलं. शोधणाऱ्याला सापडेल, साइटच्या तपासणाऱ्या मशीनला सापडणार नाही, असा हिशेब. खाली वर्णनात देवनागरीत 'अबक' लिहिलं, म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्या मशीनला काय कळणार.

इथे मी माझ्या तेव्हाच्या शहाणपणाशी जरा भांडतो. ट्रेडमार्क म्हणजे ठरावीक अक्षरांची ठरावीक रांग, असं आम्ही धरून चाललो होतो. आपल्या 1999 च्या कायद्यात मात्र हुबेहूब नावाच्या जोडीला फसवण्याइतकं सारखं नावही धरलेलं आहे, आणि कलम 29 च्या नवव्या पोटकलमात तर बोललेल्या शब्दानेही उल्लंघन होऊ शकतं असं म्हटलंय. ABAK म्हणा, ABAAK म्हणा की अबक म्हणा, कानाला एकच. सर्वोच्च न्यायालयापुढे 1962 मध्ये 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' ही दोन औषधं आली होती. अर्धा शब्द वेगळा, तरी गोंधळ होण्याइतकी सारखी ठरली, कारण गिऱ्हाईक दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून अक्षरं जुळवत नाही. त्याच्या डोक्यात नावाची अर्धवट आठवण असते. अर्धा शब्द बदलून भागत नाही तिथे आमचा एक A काय दिवे लावणार! उलट वाकडं स्पेलिंग हाच पुरावा झाला. नाव कोणाचं आहे ते आम्हाला माहीत होतं, म्हणून तर वाकडं केलं.

बरं, मी शोध घेतला नव्हता असंही नाही. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी साइटवर सार्वजनिक शोध आहे, फुकट आहे. मी 'Wordmark', म्हणजे शब्दाने शोध, निवडलं, मालाचा वर्ग टाकला 17, कारण रबराच्या गॅस्केटचा वर्ग तो. काही निघालं नाही. मी खूश. त्यांची नोंद होती 21 मध्ये, कारण गॅसवरचा कुकर भांड्यांच्या वर्गात मोडतो. आणि वर्ग वेगळा म्हणून सुटका होते असंही नाही. कुकर आणि कुकरची रिंग एकाच घरातली म्हणून विकली जाणारी वस्तू, तिथे गोंधळ होणारच. आता मी ज्या वस्तूचा सुटा भाग आहे तिचा वर्ग आधी बघतो, मग भागाचा, आणि त्याच साइटवर 'Phonetic' नावाचा जो पर्याय आहे तो चालवतो. उच्चाराने जवळची नावं त्यात दिसतात. तेव्हा तो पर्याय समोर होता, मी दाबला नाही.

तिसरी नोटीस दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आली, गुरुवारी संध्याकाळी. यावेळी यादीबरोबर खातंच बंद झालं. चाळणी, किसणी, शेवेचा सोऱ्या, ज्यांचा अबकशी काडीचा संबंध नव्हता ती पानंसुद्धा दिसेनाशी झाली, आणि विकलेल्या मालाचे पैसे अडकले. राग कशाचा आला सांगू? या वेळी तर ते वाकडं नावही मी काढलं होतं. शीर्षकातून, वर्णनातून, सगळीकडून. रात्री अकरा वाजता आम्ही दोघं पुन्हा पान चाळत बसलो. पुतण्याला आधी सापडलं: शोधशब्दांचा जो चौकोन गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यात नाव तसंच होतं. ते मी 'दिसत नाही ना, राहू दे' म्हणून मुद्दाम ठेवलं होतं, हेही आज सांगून टाकतो. दुसरी गोष्ट मात्र खरंच ध्यानात आली नव्हती. चौथ्या फोटोत रिंग झाकणाला लावून दाखवली होती. झाकण आमच्याच घरचं, आमटीचा कुकर. फोटो मोठा करत गेलो तसं झाकणाच्या कडेला उठावात कोरलेलं नाव वर आलं. बायको मागे उभी होती. म्हणाली, "माझ्याच कुकरने घात केला म्हणायचा."

मग धावपळ. पुतण्याच्या मित्राने एक इंग्रजी मसुदा दिला, 'काउंटर नोटीस' म्हणून. तो पाठवला, उपयोग शून्य. ती पद्धत अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातली. फोटो किंवा मजकूर चोरल्याची तक्रार असेल तिथे ती लागते. ट्रेडमार्कच्या तक्रारीत बहुतेक वेळा मार्ग उरतो तो एवढाच, तक्रार करणाऱ्यानेच ती मागे घ्यायची. नोटिशीच्या तळाशी त्यांच्या वकिलाचा ईमेल होता. मी माफी लिहिली, पुन्हा होणार नाही असं लिहून दिलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. तिकडे साइटने माझ्याकडे माल कुठून घेतला त्याचं बिल मागितलं, जीएसटी क्रमांकासकट. माझ्याकडे बोहरी आळीची कच्ची पावती! तीवर 'रिंग 5, 12 डझन' आणि एक सही. खातं सुटलं, पण दिवाळी गेली.

आता तुमचा दुसरा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. कायद्याने नाव घेता येतंच ना? येतं. त्याच कायद्याच्या कलम 30 मध्ये सुट्या भागांसाठी सूट आहे: वस्तू कशाला बसते हे सांगण्यासाठी नाव घेणं गरजेचं असेल, आणि आपला त्या कंपनीशी संबंध आहे असा भास होत नसेल, तर ते उल्लंघन नव्हे. म्हणजे 'ABAK Original Gasket' चूक, पण 'आमच्या दुकानाची रिंग, अबकच्या पाच लिटरच्या कुकरसाठी' हे बरोबर. नाव शेवटी, 'साठी' लावून, आपलं नाव आधी, त्यांचा लोगो नाही, त्यांच्या खोक्याचा रंग नाही, आणि 'ओरिजिनल', 'जेन्युइन' हे शब्द नाहीत. माझ्या सुरुवातीच्या यादीला ही सूट लागूच नव्हती, ते मला मान्य.

मग आता तसं का लिहीत नाही? कारण बरोबर असणं आणि पान टिकणं या निराळ्या गोष्टी आहेत. तक्रार आली की साइट कलम 30 वाचत बसत नाही. तिला स्वतःचा बचाव टिकवायचा असतो, ती आधी काढते आणि मग तुम्हाला सिद्ध करायला लावते. पुणेकर यावर मला कॅम्पातल्या बर्गर किंगचं उदाहरण देतात. "आपला माणूस जिंकला की नाही?" हो, परदेशी कंपनीने 2011 मध्ये दावा लावला आणि 2024 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला, कारण इथलं दुकान त्या कंपनीने भारतात पाय ठेवायच्या आधीपासून, 1992 पासूनचं. पण गोष्ट तिथे थांबली नाही हे सांगायला लोक विसरतात. अपिलात उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते नाव वापरायला अंतरिम मनाई केली, आणि त्या मनाईला स्थगिती मिळवायला 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. तेरा वर्षं वकील पोसायची ताकद त्या दुकानदारांत होती. माझी रिंग नव्वद रुपयांची आहे.

म्हणून मी माप लिहितो. झाकण आत सरकवून बसवायचं की वरून फिरवून, कुकर किती लिटरचा, आणि रिंगचा बाहेरचा व्यास. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो, त्यात 22 सेमीची रेघ दिसते. कुकर फोटोत नाही.

```
Pressure cooker gasket, outer lid, 5 L, outer dia 22 cm
```

याने सगळं सुटलं असं मी म्हणत नाही. पहिल्या दोन महिन्यांत परत येणारा माल वाढला, कारण घरात पट्टी घेऊन रिंग मोजणारा माणूस विरळा, आणि जुनी रिंग ताणून सैल झालेली असते, ती मोजली तर माप चुकतंच. आता मी झाकणाची खाच मोजा असं लिहितो. खप पूर्वीच्या निम्म्याच्या वर गेलेला नाही. शेजारच्या गाळ्यातला पोरगा नाव घालून बिनधास्त विकतोय, गेली दोन वर्षं, त्याला काही झालेलं नाही. त्याचं पान बघितलं की मला वाटतं आपणच भित्रे. मग वाटतं, त्याचा गुरुवार यायचाय. यातलं खरं कुठलं, ते मला ठरवता आलेलं नाही. बाकी दोन कंपन्यांच्या बाबतीत मी वर्णनात 'साठी' लावून नाव घेतोही, कारण त्यांच्याकडून कधी कागद आला नाही. हे धोरण आहे की धास्ती, तुम्हीच बघा.

काल रात्री एकीने पानाखाली प्रश्न टाकला: "ही अबकला बसेल का हो?" तिथे 'हो' एवढंच लिहिलं तरी नाव माझ्या पानावर आलंच. मी 'हो ताई' लिहिलं, पुसलं, आणि लिहिलं: "झाकण उलटं करून खाच मोजा, 22 सेमी आली तर बसेल."

तिचं उत्तर अजून आलेलं नाही.