मागे घेतलेला मेल

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एखाद्या पॅकिंगवाल्याच्या ऑफिसात सकाळी 11:42 ला काय घडू शकतं, ते पाहा. पाठवायचं होतं आतल्या देशपांड्यांना. पत्त्याच्या रकान्यात `De` एवढंच टाइप झालं, वर पहिलं नाव आलं `Dealers`, बोटानं एंटर दाबलं, आणि जुलैचं दरपत्रक पुण्या-नाशकाकडच्या चौदा मराठी डीलरांच्या इनबॉक्सात जाऊन पडलं. फाइलीत कोणाला किती सूट, हा रकानाही होता. लक्षात आलं 11:46 ला.

चार मिनिटं म्हणजे जीमेलच्या हिशेबात युग. तिथलं `Undo` खरं तर मेल परत आणत नाही, पाठवायलाच उशीर करतं. हा उशीर मुळात 5 सेकंदांचा असतो आणि सेटिंगमध्ये जाऊन फार तर 30 पर्यंत वाढवता येतो. तेवढा वेळ मेल आपल्याच अंगणात उभा असतो, म्हणून थांबतो. आउटलुकचं `Recall This Message` खरोखर मागे जाऊन मेल काढू पाहतं, पण त्याचा हात आपल्याच संस्थेच्या, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरच्या पेट्यांपर्यंतच पोचतो. डीलर बाहेरचे, कोणी जीमेलवर, कोणी आणखी कुठे. तिथे हा हात पोचत नाही. उलट जुन्या पद्धतीत कधी कधी समोरच्याला ‘अमुक हा मेल मागे घेऊ इच्छितात’ असा निरोप जातो, म्हणजे ज्याने पाहिला नव्हता तोही उघडून पाहतो. एकच सुखाची शक्यता: फाइल जोडलेली नसून ड्राइव्हची लिंक असेल, तर लिंकचा प्रवेश तत्काळ बंद करावा. तोवर कोणी उतरवून घेतली नसेल, तर फाइल बचावली.

मग हाताशी उरतं ते लिहिणं. आणि घाबरलेला माणूस पहिल्यांदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हे लिहितो:

“अरे भिया सगळे ऐका!! आत्ता आलेला मेल उघडू नका प्लीज, चुकून गेलाय, त्यात बाकीच्यांचे रेट आहेत 😭 खूप खूप सॉरी, साहेब मला सोडणार नाहीत, डिलीट करा ना”

याच्यातलं प्रत्येक वाक्य उलटं काम करतं. ‘उघडू नका’ म्हटलं की बोट तिकडेच जातं. ‘बाकीच्यांचे रेट’ म्हणजे आत काय आहे त्याची जाहिरातच. आत्ता आलेला म्हणजे कुठला? दुपारी जेवून आल्यावर वाचणाऱ्याच्या पेटीत तोवर नवे वीस मेल असतात. साहेबांचं काय होईल ते आपल्या आणि साहेबांच्या मधलं. त्यांना फोन मात्र आधी करावा, कारण एखादा डीलर सरळ त्यांनाच विचारेल.

आता हेच गाळून घेऊ. रडणं काढलं, कारण काढलं, आतला मजकूर काढला. उरल्या चार गोष्टी: कुठला मेल, काय झालं, वाचणाऱ्याने काय करावं, पुढे काय येईल.

विषय: 11:42 चा ‘जुलै दरपत्रक’ मेल रद्द समजावा

“नमस्कार, आज सकाळी 11:42 वाजता ‘जुलै दरपत्रक’ या विषयाचा मेल आमच्याकडून चुकून आपल्याला गेला. तो मेल व जोडलेली फाइल कृपया डिलीट करावी, वापरू नये व पुढे पाठवू नये. डिलीट केल्याचे एका ओळीत कळवावे. आपले दरपत्रक आज सायंकाळपर्यंत स्वतंत्र पाठवत आहोत. तसदीबद्दल क्षमस्व.”

‘क्षमस्व’ एकदाच, तेही शेवटी. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असलं काही लिहू नये. एंटर माणसाने दाबला होता आणि डीलरांना ते कळतं. ‘अत्यंत गोपनीय’ हे शब्दही टाळावेत, त्यांना कुतूहलाचा वास येतो. ‘आपल्यासाठी नसल्यास नष्ट करा’ ही मेलच्या तळाशी छापलेली बारीक ओळ तर अशा वेळी कोणाच्याच कामाची नसते.

हा मजकूर त्या मेलला उत्तर म्हणून धाडू नये, नाहीतर जुना मजकूर खाली लोंबकळत पुन्हा सगळ्यांकडे जातो. नवा मेल उघडावा, पत्ते `Bcc` मध्ये घालावेत. म्हणजे ‘सर्वांना उत्तर’ दाबून एखाद्याने ‘मला इतकी कमी सूट का?’ विचारलं, तरी ते बाकीच्या तेरांपर्यंत जात नाही. आणि ज्याची सूट सगळ्यांत वाईट दिसते, त्याला मेलवर सोडू नये, फोनच करावा.

संध्याकाळी उत्तरं मोजावीत. चौदांपैकी नऊ-दहा आली, तर उरलेल्यांना उद्या एक फोन. त्यानंतर पत्त्याच्या रकान्यात पुन्हा `De` टाइप करून बघावं. आउटलुकमध्ये सुचलेल्या नावापुढच्या फुलीवर टिचकी मारली की ते सुचणं बंद होतं. गटाचं नावही बदलून `ZZ-Vyapari` ठेवावं, देशपांड्यांच्या शेजारी राहायला नको.