अडतीस गाणी आणि तीनदा टाकलेलं ॲप

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला मी लॅपटॉप-कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी साडेदहाला एका नृत्यवर्गाच्या मॅडमचा फोन आला. आवाज रडवेला होता. "दादा, संध्याकाळी पाचला आमची रंगीत तालीम आहे आणि गाण्याचं ॲप उघडतच नाहीये. सकाळपासून तीनदा काढून परत टाकलं. हॉल तळघरात आहे, तिथे रेंज नाही. म्हणून अडतीस गाणी आधीच डाउनलोड करून ठेवली होती."

मी एकच विचारलं, "परत टाकल्यावर त्यानं ईमेल-पासवर्ड मागितला का?"

त्यांनी शेजारी कुणाला तरी विचारलं. "नाही. खिडकी क्षणभर येते, कोपऱ्यात माझं नाव दिसतं आणि लगेच जाते."

"आता काहीही करू नका. पुन्हा अनइन्स्टॉल नको, कुठलं फोल्डर डिलीट करणं तर अजिबात नको. मी येतो."

नवं कोरं टाकलेलं ॲप जुन्या खात्याचं नाव दाखवतं, याचा अर्थ ते नवं कोरं नाही. ॲप विंडोजवर दोन ठिकाणी राहतं. एका ठिकाणी त्याचा प्रोग्राम असतो, म्हणजे कंपनीनं बनवलेल्या, सगळ्यांकडे सारख्याच असलेल्या फाइली. दुसऱ्या ठिकाणी असतो तुमचा डेटा: लॉगिन, सेटिंग, कॅशे, डाउनलोड केलेली गाणी. अनइन्स्टॉल केलं की बहुतेक वेळा पहिलंच जातं, दुसरं जागच्या जागी राहतं. नवा प्रोग्राम येतो आणि तोच जुना डेटा उघडतो. बिघाड डेटात असेल तर तीनदा काय, तीसदा टाका, ॲप तिथेच अडणार. आणि त्या दिवशी ज्या कारणानं बिघाड टिकला होता, त्याच कारणानं मॅडमची गाणीही टिकली असणार होती. म्हणूनच "सगळं पुसून टाका" हा सल्ला कुणी दिला असेल आणि त्यांनी तो ऐकला असेल, या भीतीनं मी गाडी जरा जोरातच मारली.

वर्गात पोचलो. लॅपटॉप टेबलावर होता. त्याची बॅटरी कधीच गेलेली, चार्जर लावला तरच चालतो. भिंतीवरच्या टीव्हीला त्यातून एचडीएमआय वायर गेलेली. ॲप तीनदा टाकणारी मुलगी अकरावीतली, चांगली चुणचुणीत. तिनं नेमकं सांगितलं: काल संध्याकाळी शेवटची काही गाणी डाउनलोड होत असताना लाइट गेली आणि लॅपटॉप तसाच बंद पडला.

आधी `Ctrl + Shift + Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडला. यादीत ॲपच्या नावाच्या पाच ओळी होत्या, पण पडद्यावर खिडकी एकही नाही. पाच ओळी असणं हा बिघाड नाही. ही ॲप आतून ब्राउझरसारखीच बनवलेली असतात, त्यामुळे एका ॲपच्या अनेक प्रक्रिया चालतात. पण खिडकी नसताना त्या चालू राहणं वाईट. आपण आयकॉनवर क्लिक केलं की नवी प्रत जुन्या, अडकलेल्या प्रतीला "तूच उघड" म्हणते आणि स्वतः बंद होते. बघणाऱ्याला वाटतं, क्लिकच होत नाही. असंख्य वेळा दुखणं इतकंच असतं. सगळ्यांवर `End task` केलं आणि पुन्हा क्लिक केलं. काळी खिडकी आली, कोपऱ्यात मॅडमचं नाव चमकलं, दोन सेकंदांत सगळं गायब. म्हणजे नुसतं अडकलेलं नव्हतं, काहीतरी वाचताना ते कोसळत होतं.

पुन्हा `End task` केलं. मग `Win + R` दाबून हे टाइप केलं:

```
%localappdata%
```

हे फोल्डर एरवी लपवलेलं असतं, म्हणून शोधून सापडत नाही. त्यात ॲपच्या नावाचं फोल्डर होतं, तारीख दोन वर्षांपूर्वीची. "तीनदा काढलंस ना, हे बघ इथे," मी त्या मुलीला दाखवलं. ती बघतच राहिली.

आत दोन फोल्डर महत्त्वाची होती. `Browser` आणि `Storage`. प्रत्येकावर राइट क्लिक करून `Properties` पाहिलं. `Browser` चारशे एमबीच्या आसपास, `Storage` मात्र तीन जीबीच्या वर. गाणी कुठे आहेत हे आकारावरूनच कळलं. `Browser` मध्ये ॲपची पानं, चित्रं, याद्या यांच्या तात्पुरत्या नकला असतात. त्या गेल्या तर ॲप नेटवरून परत आणतं. `Storage` मध्ये ऐकताना साठलेली कॅशे आणि मुद्दाम डाउनलोड केलेली गाणी एकत्रच असतात, सांकेतिक नावांच्या फाइलींत. कुठली फाइल कॅशेची आणि कुठली डाउनलोडची, हे बाहेरून बघून माणसाला ओळखता येत नाही. ते फक्त ॲपला माहीत असतं. या ॲपच्या सेटिंगमध्ये कॅशे साफ करायचं बटण आहे, ते डाउनलोडला हात न लावता कॅशे काढतं. पण ॲपच उघडत नसेल तर त्या बटणापर्यंत पोचणार कसं? मग लोक फोल्डरच उडवतात, आणि बटण व फोल्डर यांत काय फरक होता ते त्यांना उशिरा कळतं.

मी आधी ते अख्खं फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी केलं. काही मिनिटं गेली, मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, पण या पायरीला मी कधी फाटा देत नाही. मग `Browser` चं नाव बदलून `Browser_old` केलं. डिलीट नाही, फक्त नाव बदललं. ॲपला जुन्या नावाचं फोल्डर सापडलं नाही की ते नवं बनवतं, आणि आपला अंदाज चुकला तर नाव परत बदलून होतं तसं करता येतं. अशा वेळी ॲप मागे चालू असेल तर विंडोज नाव बदलू देत नाही, फाइल उघडी आहे म्हणतं. म्हणून आधी टास्क मॅनेजर.

क्लिक केलं. काळी खिडकी. दोन सेकंद. तीन. मग यादी भरू लागली. लाइट गेली तेव्हा अर्धवट लिहिली गेलेली फाइल `Browser` मध्येच होती. तालमीची यादी उघडली. छत्तीस गाण्यांपुढे डाउनलोडची खूण होती, दोन अर्धी राहिली होती, ती वायफायवर समोरच उतरली. लॉगिनला मी हात लावला नव्हता, ते मुद्दाम. लॉग आउट केलं की डाउनलोड पुसणारी ॲप असतात.

मॅडमनी पहिलं गाणं लावलं. पट्टी पुढे सरकू लागली. सहा सेकंद, दहा सेकंद. आवाज नाही.

"आता हे परत टाकायचं का?" त्या मुलीनं विचारलं.

नाही. पट्टी शून्यावरच थांबली असती तर मी नेट, गाण्याची फाइल किंवा साउंड ड्रायव्हर यांच्याकडे पाहिलं असतं. पट्टी सरकते आहे म्हणजे ॲप गाणं वाजवतं आहे, आवाज दुसरीकडे जातो आहे किंवा वाटेत कुणी बंद केला आहे. ब्राउझरमध्ये एक व्हिडिओ लावून पाहिला, स्पीकर खणखणीत वाजला. म्हणजे स्पीकर ठीक, ड्रायव्हर ठीक, अडचण फक्त या ॲपपुरती.

`Settings`, `System`, `Sound`, मग `Volume mixer`. इथे चालू असलेल्या प्रत्येक ॲपची वेगळी ओळ असते, म्हणून गाणं चालू ठेवूनच हे पान उघडायचं. आमच्या ॲपचा आवाज पूर्ण होता, पण ओळ उघडल्यावर `Output device` मध्ये भिंतीवरचा टीव्ही. टीव्हीचा आवाज शून्यावर.

ती मुलगी एकदम म्हणाली, "गणपतीत आरतीच्या वेळी मीच केलं होतं! आवाज टीव्हीतून यावा म्हणून." त्यानंतर वायर काढून ठेवली होती, म्हणून दोन महिने गाणी लॅपटॉपच्याच स्पीकरवर वाजली. काल मुलींना व्हिडिओ दाखवायला वायर परत जोडली आणि विंडोजनं या ॲपसाठीची जुनी निवड पुन्हा लागू केली. ही नोंद ॲपकडे नसते, विंडोज ती स्वतःकडे ठेवतं. त्यामुळे ॲप काढा, परत टाका, कॅशे पुसा, ती तशीच राहते. मी `Default` निवडलं आणि तबल्याचा पहिला ठेका खोलीत वाजला. मॅडमनी तोंडावर हात धरला.

निघण्याआधी मी वायफाय बंद केलं आणि यादीतली पाच-सहा गाणी मधूनमधून लावून पाहिली. डाउनलोडची खूण दिसणं वेगळं आणि नेट नसताना गाणं वाजणं वेगळं.

चहा पिताना मुलीनं विचारलं, मग परत टाकण्याचा उपयोग कधी होतो? प्रोग्रामच मोडला असेल तेव्हा. अपडेट अर्ध्यात तुटलं, अँटीव्हायरसनं एखादी फाइल उचलून नेली, अमुक `.dll` सापडत नाही असा निरोप आला, तर परत टाकणं हाच इलाज. अशा वेळी बहुधा खात्याचं नाव दिसायची पाळीच येत नाही.

पण एक गोष्ट मी तिला दोनदा सांगितली. हे ॲप त्यांनी वेबसाइटवरून इन्स्टॉलर उतरवून टाकलं होतं. तेच विंडोजच्या स्टोअरमधून घेतलं असतं, तर पहिल्याच अनइन्स्टॉलमध्ये डेटाही गेला असता, सगळी गाणी गेली असती. स्टोअरच्या ॲपसाठी `Installed apps` मध्ये `Advanced options` उघडायचं. तिथे `Repair` आणि `Reset` ही दोन बटणं असतात. `Repair` डेटाला हात लावत नाही. `Reset` सगळं पुसतं. दोन्ही शेजारी शेजारी आहेत, आणि घाईत माणूस दुसरं दाबतो.

रात्री साडेनऊला मॅडमचा फोन आला. तळघरात सगळी गाणी वाजली. मी त्यांना आठवडाभर ॲप नीट चालतंय का बघायला सांगितलं. पुढच्या शनिवारी त्या मुलीनं फोन करून विचारलं, "काका, `Browser_old` आता काढू?" म्हटलं, काढ, आणि डी ड्राइव्हवरची कॉपीही काढ. दोन्ही मिळून चार जीबीच्या आसपास जागा मोकळी झाली.