अल्फा ०.०५ म्हणजे बीटा ०.९५? अजिबात नाही

क्लासच्या ग्रुपवर आलेल्या त्या फोटोचा राग अजून गेलेला नाही. पान तिरकं, मधोमध ट्यूबलाइटचा चट्टा आणि खालची ओळ कापलेली. गणित गुळाच्या पाकिटांचं होतं : सरासरी वजन १००० ग्रॅम हवं, ते कमी भरतंय का तपासा. प्रमाण विचलन २० ग्रॅम, नमुना २५ पाकिटांचा, अल्फा ०.०५. मांडणी वगैरे पटकन झाली.

अडलं ते शेवटच्या प्रश्नावर : टाइप टू एररची शक्यता, म्हणजे बीटा, आणि पॉवर काढा. क्लासच्या उत्तरपत्रिकेत बीटा ०.९५, म्हणजे एकातून अल्फा वजा. विचारलं तर "तसंच असतं, पुढं चला". मी काही पुढं गेलो नाही.

अल्फा म्हणजे पाकिटं बरोबर भरलेली असताना भरणाऱ्यावर उगाच आळ घेण्याची शक्यता. ०.९५ हीसुद्धा त्याच परिस्थितीतली, आळ न घेण्याची. ती चूकच नाही. टाइप टू एरर होते ती पाकिटं खरंच हलकी असताना आणि आपल्याला ते कळलं नाही तर. मग किती हलकी, हे माहीत नसताना बीटा काढणार कशी? नेमकं तेच कापलेल्या ओळीत असणार. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "भावा, माझ्या पानावर हाय की, खरी सरासरी ९९०."

पुढचं सोपं. सरासरीची प्रमाण त्रुटी २० भागिले ५, म्हणजे ४ ग्रॅम. आळ घ्यायची सीमा १००० − १.६४५ × ४ = ९९३.४२. नमुन्याची सरासरी याच्या खाली आली तर वजन कमी म्हणायचं. खरी सरासरी ९९० असेल तर ही सीमा तिच्या ०.८५५ प्रमाण त्रुटी वर पडते. तक्त्यात सीमेखालचा भाग साधारण ०.८० निघतो. ही पॉवर, म्हणजे हलकी पाकिटं पकडली जाण्याची शक्यता. उरलेले ०.२० म्हणजे बीटा.

खरी सरासरी ९९५ धरली की पॉवर एकदम ०.३५ वर येते. पाच ग्रॅमची चोरी ही चाचणी बहुतेक वेळा सोडून देते. म्हणून उत्तरात "खरी सरासरी इतकी असेल तर" हे शब्द लिहाच, नुसती पॉवर लिहून भागत नाही.

हो, सीमा काढल्याशिवाय तक्ता उघडू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि उगाच आळ नको म्हणून अल्फा ०.०१ केला तर? सीमा ९९०.७० वर उतरते आणि ९९० वाली हलकी पाकिटं सुटण्याची शक्यता ०.२० वरून ०.४३ होते. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर जास्त पाकिटं तोलावी लागतात.