रविवारचं बोरन्हाण आणि चार ओळींचं उत्तर

मी पुण्यात घरून हलव्याचे दागिने करते आणि ऑनलाइन विकते. जानेवारीत घरात सगळीकडे काळं कापड, पुठ्ठे आणि काटेरी हलव्याचे डबे पसरलेले असतात. माझी नणंद त्या दिवसांत मदतीला येते. यंदा संक्रांतीच्या आठवड्यात, गुरुवारी रात्री, तिच्याच हातात फोन असताना बेंगळुरूहून मेसेज आला.

"आठ दिवसांपूर्वी पैसे भरले. रविवारी नातवाचं बोरन्हाण आहे. पार्सलचा पत्ता नाही. तुम्हा लोकांना काही वाटतं का?"

नणंदेने लगेच उत्तर लिहायला घेतलं. आपण माल शनिवारीच दिला होता, ही बघा पावती, उशीर कुरिअरचा आहे, आणि बोरन्हाण तर रथसप्तमीपर्यंत करतात. एकही शब्द खोटा नव्हता. तरी मी तिला पाठवू दिलं नाही. पावती त्या आजींच्या काय उपयोगाची? त्यांनी पैसे मला दिलेत, कुरिअरला नाही. आणि रथसप्तमीचं मला सगळ्यात खटकलं. बोरन्हाण कधी करायचं हे त्यांच्या घरचं. उशीर आमच्याकडून झाला असताना मुहूर्त तुम्ही हलवा, असं आम्ही कोणत्या तोंडाने सुचवायचं?

आधी ट्रॅकिंग उघडलं. तिथे 'इन ट्रान्झिट' दिसत होतं, पण पार्सल जागचं हललं नाही तरी तेच शब्द दिसत राहतात. बघायची असते ती शेवटच्या स्कॅनची वेळ. सोमवारी रात्री हुबळीच्या हबमध्ये आल्याची नोंद होती, तिथून निघाल्याची नव्हती. तीन दिवस अशी नोंद नसली की पार्सल तिथेच पडून असतं, किंवा चुकीच्या गोणीत जाऊन भलत्याच गावी निघालेलं असतं. रात्री यातलं काय झालंय ते कळणं शक्य नव्हतं. म्हणून जेवढं माहीत होतं तेवढंच लिहिलं:

"काकू, रविवारी नातवाचं बोरन्हाण आणि दागिन्यांचा पत्ता नाही, तुमचा जीव टांगणीला लागला असणार. मला मनापासून वाईट वाटतंय. पार्सल सोमवारपासून हुबळीत अडकलेलं दिसतंय. उद्या सकाळी अकराच्या आत चौकशी करून मी स्वतः तुम्हाला फोन करते. ते वेळेत येणार नसेल, तर दुसरा संच पाठवू की पैसे परत करू, तुम्ही म्हणाल तसं."

'उद्या नक्की मिळेल' हे मुद्दाम लिहिलं नाही. पार्सल माझ्या हातात नव्हतं, अकराचा फोन होता. थोड्या वेळाने उत्तर आलं, "बरं. वाट बघते." तेवढंच.

सकाळी कुरिअरच्या मदत क्रमांकावर फक्त तक्रार क्रमांक मिळतो, म्हणून मी जिथे पार्सल दिलं होतं त्या शाखेतच जाऊन उभी राहिले. तिथल्या दादांनी हुबळीला फोन लावला. गोणी चुकून दुसऱ्याच मार्गावर गेली होती, सोमवारच्या आधी पोचणं कठीण. साडेदहाला मी काकूंना फोन केला आणि ते जसंच्या तसं सांगितलं. त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सुनेचे आईवडील नाशिकहून रविवारसाठीच येतायत गं. तिकिटं काढून झालीत." रथसप्तमीचं वाक्य रात्री गेलं असतं तर ते त्यांना किती लागलं असतं, ते मला तेव्हा कळलं.

रात्री निघणाऱ्या खासगी बसने पार्सल पाठवता येतं. सकाळी ते बेंगळुरूला पोचतं, फक्त बसच्या ऑफिसातून कुणीतरी जाऊन आणावं लागतं. काकूंचा मुलगा जायला तयार झाला. बसचं भाडं मी दिलं. हलवा तयार होता, पण लहान मुलाचा संच शिल्लक नव्हता. आम्ही दोघी दुपारभर बसलो: मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. हलवा ओढून शिवला की काटा झडतो, त्यामुळे घाईतही हात सावकाशच चालवावा लागतो. खोका कापूस भरून घट्ट बंद केला, कारण साखरेला दमट हवा लागली की दागिने चिकट होतात. बसचा नंबर, ड्रायव्हरचा फोन आणि पोचायची वेळ काकूंना रात्रीच कळवली.

शनिवारी सकाळी खोका त्यांच्या घरी पोचला. बासरीचं एक टोक तुटलं होतं. मुलाने ते गोंदाने चिकटवलं आणि बाळाला तोंडात घालू दिलं नाही, असं काकूंनी फोनवर सांगितलं.

पहिलं पार्सल बुधवारी पोचलं. ते परत कसं पाठवायचं, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. इतका प्रवास केलेला हलवा मी पुन्हा विकत नाही. त्यांच्या शेजारच्या एका मराठी घरात बाळ आहे, आणि तिथलं बोरन्हाण व्हायचं होतं. तो संच तिकडे द्या, असं आमचं ठरलं.